समज तपासणारे प्रश्न काढा, असं शिक्षकांना सांगताना: मुख्याध्यापकांच्या भाषणाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

'पाठांतरावरचे प्रश्न कमी करा, समज तपासणारे प्रश्न काढा' हे भाषण बहुतेक मुख्याध्यापक कधी ना कधी करतात. शिक्षक माना डोलावतात, चहा होतो, आणि पुढच्या घटक चाचणीत 'व्याख्या लिहा'च्या जागी 'व्याख्या स्पष्ट करा' असा प्रश्न येतो. क्रियापद बदललेलं असतं, उत्तर मात्र तेच, वहीतलं. मी स्वतः हे भाषण दोनदा फुकट घालवलं आहे. तिसऱ्यांदा थोडंफार जमलं, ते तयारी आणि क्रम बदलल्यामुळे. तोच क्रम इथे देतो आहे.

## १. आधी वेळ निवडा

हे भाषण वर्षाच्या पहिल्या बैठकीत करू नका. तेव्हा सगळेच संकल्प करत असतात, त्यात आपलाही एक जमा होतो. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच नको, कारण तोवर प्रश्नपत्रिका काढून झालेल्या असतात आणि तुमचं बोलणं त्या प्रश्नपत्रिकांवरची टीका ठरतं.

योग्य वेळ म्हणजे एखादी चाचणी तपासून झाल्यानंतरचा आठवडा. उत्तरपत्रिका अजून शाळेतच असतात, मुलांनी काय लिहिलं ते शिक्षकांच्या डोक्यात ताजं असतं आणि पुढची प्रश्नपत्रिका काढायला निदान महिनाभर असतो. बैठक चाळीस मिनिटांची ठेवा. तुम्ही बोलायचं त्यातली वीस मिनिटं, उरलेली वीस शिक्षकांची.

तपासणी: पुढच्या चाचणीची प्रश्नपत्रिका जमा करायची तारीख पाच आठवड्यांच्या आत असेल, तर भाषण त्या चाचणीनंतर ठेवा.

## २. स्वतःची प्रश्नपत्रिका तीन ढिगांत लावा

उदाहरण म्हणून दाखवायची प्रश्नपत्रिका तुमची स्वतःची असू द्या. हल्ली वर्गावर जात नसाल तर जुनी शोधा. पहिल्या भाषणात मी एका सहकाऱ्याची प्रश्नपत्रिका नाव झाकून पडद्यावर लावली होती. स्टाफरूममध्ये कोण कसे प्रश्न काढतं हे सगळ्यांना पाठ असतं. तीस सेकंदांत माना त्यांच्याकडे वळल्या. त्यानंतर वर्षभर ते बैठकीत एक शब्द बोलले नाहीत, आणि दोष माझा होता.

आता प्रत्येक प्रश्नाला दोन गोष्टी विचारा. धडा तोंडपाठ आहे पण काहीच समजलेलं नाही, अशा मुलाला इथे पूर्ण गुण मिळतील का? आणि उलट, नीट समजलेलं आहे पण पुस्तकातलं वाक्य आठवत नाही, अशा मुलाचे गुण इथे जातील का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर 'हो' आलं, तर तो प्रश्न स्मरणाचा.

पहिल्या ढिगात उघड स्मरणाचे प्रश्न येतील: व्याख्या, रिकाम्या जागा, जोड्या, सनावळ्या. दुसऱ्या ढिगात खरे समजेचे. तिसरा ढीग वेश बदललेल्या प्रश्नांचा, आणि खरी मेख तिथेच आहे. 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा', 'तुमच्या शब्दांत लिहा' हे सगळे दिसायला समजेचे; पण तीच कारणं स्वाध्यायात सोडवून घेतलेली असतील, फळ्यावरून उतरवलेली असतील, तर मूल फक्त आठवतं. म्हणून नुसत्या प्रश्नाकडे बघून हे ठरत नाही. त्या वर्गातल्या मुलाची वही शेजारी उघडून बसावं लागतं.

माझी आठवीची ४० गुणांची विज्ञानाची प्रश्नपत्रिका मी अशी लावली, तेव्हा २६ गुण उघड स्मरणाचे निघाले, ११ वेश बदललेले आणि ३ खरे. कोणत्या उद्दिष्टाला किती गुण ते दाखवणाऱ्या संविधान तक्त्यात मात्र मीच आकलन आणि उपयोजनाच्या रकान्यांत १४ गुण दाखवले होते. प्रश्नपत्रिका आधी काढायची आणि तक्ता मागाहून जुळवायचा, हे आपल्यातल्या किती जणांनी केलं आहे ते बैठकीत विचारू नका. सगळ्यांना ठाऊक असतं.

इशारा: स्मरणाचा ढीग हा गुन्ह्यांचा ढीग नाही. मूलद्रव्यांची चिन्हं, पाढे, शब्दांचे अर्थ आठवावेच लागतात. भाषणात पाठांतराची टिंगल केलीत, तर पाढे पाठ करून घेणाऱ्या बाई तुमच्या विरोधात जातील, आणि त्यांचंच बरोबर असेल.

## ३. एक प्रश्न शेवटपर्यंत घडवून ठेवा

भाषणाचा जीव या टप्प्यात आहे. दहा विषयांची दहा उदाहरणं देण्यापेक्षा एकच प्रश्न त्याच्या सगळ्या फसलेल्या खर्ड्यांसकट दाखवा. शिक्षकांना तयार नमुना भरपूर मिळतो. तो कसा घडला, मधे कुठे चुकला, हे सहसा कोणी दाखवत नाही.

मी घेतलेला मूळ प्रश्न, ३ गुणांचा: 'बाष्पीभवनाचा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो?'

पहिला खर्डा: 'बाष्पीभवनाच्या वेगावर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा.' हा तोच प्रश्न, नवा सदरा घालून आलेला.

दुसरा खर्डा: 'ओले कपडे पसरून का वाळत घालतात?' हा छान वाटतो. पण वर्गात शिकवताना मीच हे उदाहरण दिलं होतं आणि वहीत उत्तरही होतं. नव्या वर्गासाठी हा कदाचित चालला असता, माझ्या वर्गासाठी तो पाठांतराचा झाला होता.

तिसरा खर्डा: 'एक टॉवेल उन्हात घडी करून ठेवला आणि दुसरा सावलीत पंख्याखाली पसरला. आधी कोणता वाळेल?' इथे मी वेगळ्याच खड्ड्यात पडलो. ऊन, घडी, वारा अशा तीन गोष्टी एकदम बदलल्या आहेत. ऊन किती कडक, घडी किती पदरी, हे सांगितल्याशिवाय याचं एक उत्तर नाही. हुशार मूल इथे अडतं आणि ठोकून देणारं मूल गुण घेऊन जातं. समजेचा प्रश्न काढायला निघालेल्या शिक्षकाकडून होणारी ही नेहमीची चूक आहे, म्हणून हा खर्डा बैठकीत मुद्दाम दाखवा.

चौथा खर्डा, जो शेवटी ठेवला:

*एकाच खोलीत तीन भांड्यांत प्रत्येकी ५० मिलि पाणी ठेवले. 'अ' हा अरुंद पेला, 'ब' ही पसरट ताटली आणि 'क' ही 'ब'सारखीच ताटली, पण पंख्याखाली. चार तासांनी 'अ'मध्ये ४८, 'ब'मध्ये ३४ आणि 'क'मध्ये १८ मिलि पाणी उरले.*
*(१) वाऱ्याचा परिणाम समजण्यासाठी कोणत्या दोन भांड्यांची तुलना कराल? (१ गुण)*
*(२) 'क'सारखीच चौथी ताटली पंख्याखाली ठेवून तिच्यावर घट्ट झाकण लावले, तर चार तासांनी पाणी साधारण किती उरेल: १८, ३४ की जवळपास ५० मिलि? कारण लिहा. (२ गुण)*

यातला पहिला उपप्रश्न खरं तर बाष्पीभवन न शिकताही सुटेल; तुलना करताना एकच गोष्ट वेगळी असावी लागते, एवढं कळलं की 'ब' आणि 'क' हे उत्तर येतं. मी तो ठेवला, कारण विज्ञानात तेही हवंच. समज तपासली जाते ती दुसऱ्यात. 'पसरट भांडं आणि वारा म्हणजे वेग जास्त' एवढं पाठ असलेलं मूल १८ लिहितं. झाकणाखालची हवा वाफेने भरून जाते, वारा पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि वाफ बाहेर जाऊ शकत नाही, हे ज्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं ते 'जवळपास ५०' लिहितं.

प्रश्नाबरोबर गुणदानाचा कागदही तयार ठेवा. माझा असा होता: 'जवळपास ५०'ला अर्धा गुण; 'वाफ बाहेर जात नाही' किंवा 'हवा वाफेने भरते' अशा अर्थाचं कारण असेल तर दीड. 'झाकण आहे म्हणून' एवढंच लिहिलं तर त्या दीडपैकी अर्धा. एखादं मूल लिहील, 'बाष्पीभवन चालूच राहतं, पण वाफेचं परत पाणी होतं.' त्याला पूर्ण गुण, आणि वर शाबासकी. हे आधी ठरलेलं नसेल, तर दोन तुकड्यांचे दोन शिक्षक दोन तऱ्हेने तपासतात आणि पालकांची पहिली तक्रार तिथूनच येते.

तपासणी: प्रश्न त्या विषयाच्या नसलेल्या शिक्षकाला वाचायला द्या. काय विचारलं आहे हे त्यांना एका वाचनात कळलं नाही, तर वाक्यं तोडा. लांबलचक प्रश्नात वाचनाची परीक्षा होते आणि वाचायला संथ असलेलं मूल विज्ञान येत असूनही मागे पडतं.

## ४. दोन उत्तरपत्रिका आणि तीन भेटी

उत्तरपत्रिकांतून दोन उत्तरं निवडा, नावं आणि अक्षर झाकून पुन्हा टाईप करून घ्या. एक असं, ज्यात पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी आहेत आणि मधेच एक शब्द असा चुकला आहे की अर्थ उलटा होतो. 'पृष्ठफळ वाढल्यास वेग कमी होतो' असं लिहूनही पुढची चार वाक्यं बिनचूक असलेलं उत्तर मला सापडलं होतं; त्याला मी ३ पैकी अडीच गुण दिले होते. दुसरं उत्तर मोडक्या भाषेतलं, पण कळलेल्या मुलाचं.

बैठकीच्या आधी तीन शिक्षकांना एकेकटं भेटा: एक सर्वांत ज्येष्ठ, एक ज्यांच्या तुकडीचा निकाल कायम वर असतो, आणि एक जे हमखास विरोध करतील. भाषण वाचून दाखवायचं नाही. चौथा खर्डा दाखवा आणि विचारा, 'तुमच्या वर्गात हा दिला तर काय होईल?' विरोधकांनी काढलेली खोट बैठकीत त्यांचं नाव घेऊन सांगा: 'सरांनी मला दाखवलं की…' झाकण 'घट्ट' हवं, ही दुरुस्ती मला अशीच मिळाली.

## ५. मागणी एकच ठेवा, आणि बदल्यात काहीतरी सोडा

'यापुढे निम्मे प्रश्न समजेचे' ही मागणी कोणीच पाळत नाही. सगळे क्रियापदं बदलतात. मागणी इतकी छोटी ठेवा की टाळायला लाज वाटेल: पुढच्या चाचणीत प्रत्येक विषयात फक्त एक प्रश्न, ३ ते ५ गुणांचा, जो वहीत, पुस्तकात किंवा गाईडमध्ये नाही. बाकी प्रश्नपत्रिका नेहमीसारखी.

मग कामाचा हिशेब करा. दोन तुकड्या, १०० मुलं, आणि असं उत्तर तपासायला प्रत्येकी अर्धा मिनिट जास्त धरलं, तर ५० मिनिटं वाढली. प्रश्न घडवायला तास-दीड तास. हा वेळ कुठून येणार ते तुम्ही सांगायचं. मी प्रश्नोत्तरांच्या वह्या तपासण्याची एक फेरी बंद केली. तसं पाहिलं तर ती फेरी म्हणजे फळ्यावरचं उतरवलेलं पुन्हा तांबड्या शाईने बघणंच होतं, पण ती बंद झाल्याचं ऐकून खोलीतली हवा बदलली.

इशारा: सोडण्यासारखं काही तुमच्या अधिकारात नसेल, तर मागणी करू नका. आधी ते मिळवा.

## ६. भाषण: कोणत्या क्रमाने बोलायचं

पहिली तीन मिनिटं, उत्तर वाचा. प्रस्तावना नाही, सुविचार नाही. 'मंडळी, हे माझ्या प्रश्नपत्रिकेतलं एक उत्तर. मी याला ३ पैकी अडीच गुण दिले. ऐका.' वाचून दाखवा आणि थांबा. अर्थ उलटा झाल्याचं कोणीतरी पकडेल. नाही पकडलं, तर पुन्हा वाचा, पण स्वतः सांगू नका.

पुढची पाच मिनिटं, स्वतःचे ढीग दाखवा. २६, ११, ३ हे आकडे फळ्यावर लिहा. 'तक्त्यात मी १४ दाखवले होते' हे स्वतःच्या तोंडाने म्हणा. यानंतर कोणाला स्वतःचा बचाव करायची गरज उरत नाही.

पुढची सात मिनिटं, चार खर्डे. प्रत्येक खर्डा दाखवून 'यात काय चुकलं?' एवढंच विचारा. तिसऱ्यावर वाद होईल, होऊ द्या.

मग लगेच हातात काम. विषयवार दोघांच्या जोड्या करा. नुकत्याच झालेल्या चाचणीतला स्वतःचा एक प्रश्न घ्यायचा आणि दोन प्रश्नांच्या कसोटीवर बदलायचा. वीस मिनिटं. या वेळात तुम्ही फिरू नका, स्वतःही एक प्रश्न घेऊन बसा. गणिताच्या एका बाईंनी 'सरासरी काढा' बदलून लिहिलं: 'पाच मुलांच्या गुणांची सरासरी १२ आहे. सहावा मुलगा आला, त्याला १२ गुण आहेत. आकडेमोड न करता सांगा, सरासरी वाढेल, घटेल की तीच राहील? का?' सूत्र पाठ असलेली निम्मी पोरं इथे गुणाकार करायला बसतील, असं त्याच म्हणाल्या.

इतिहासाच्या जोडीला वेळ जास्त लागतो, कारण तिथे माहितीशिवाय प्रश्न उभाच राहत नाही. त्यांना एक वाट सुचवा: एकाच घटनेबद्दलचे दोन छोटे, परस्परांशी न जुळणारे उतारे द्या आणि दोघांत फरक का पडला असेल ते विचारा. भाषेच्या शिक्षकांचं काम त्या मानाने सोपं, त्यांच्याकडे अपठित उतारा आहेच. फक्त त्याखालचे प्रश्न उताऱ्यातलं वाक्य उचलून सुटणारे नसावेत.

शेवटची पाच मिनिटं, मागणी आणि सूट. 'पुढच्या चाचणीत एक प्रश्न. वह्यांची एक फेरी बंद. प्रश्न अमुक तारखेपर्यंत शेजारच्या तुकडीच्या शिक्षकांना दाखवायचा.' एवढं बोलून बसा.

नेहमीची चूक: ब्लूम यांच्या १९५६ सालच्या वर्गीकरणाचा त्रिकोण दाखवून सुरुवात करणं. त्यातल्या सहा पायऱ्या प्रत्येकाने शिक्षणशास्त्राच्या परीक्षेसाठी पाठ केलेल्या असतात. पाठांतराविरुद्धचं भाषण पाठ केलेल्या यादीने सुरू झालं की मागच्या बाकावर हसू फुटतं. क्रियापदांची यादीही वाटू नका. 'स्पष्ट करा'चा रोग तिच्यातूनच पसरतो.

## ७. तीन आक्षेप, त्यांना सरळ उत्तरं

'निकाल घसरेल.' त्या एका प्रश्नापुरता घसरेल, हे मान्य करा. ४० पैकी ३ गुणांचा प्रश्न आहे. पहिल्या चाचणीत त्या प्रश्नाचे गुण प्रगतिपत्रकात धरायचे की नाही, हे शिक्षकांवर सोडा.

'अंतिम परीक्षेत पाठांतराचेच प्रश्न येतात.' यावर वाद घालू नका, बरेचदा ते खरं असतं. म्हणूनच बाकीचे ३७ गुण तसेच ठेवले आहेत, असं सांगा.

'आमच्या पोरांना जमणार नाही.' यात तथ्य आहे. ज्या तऱ्हेचा प्रश्न वर्गात कधी पाहिलाच नाही, तो एकदम परीक्षेत आला तर तो सापळा ठरतो. चाचणीच्या आधी वर्गात तशा निदान तीन प्रश्नांवर बोलणं झालेलं हवं, त्याच धाटणीचे, पण तेच नव्हेत. या फरकावर जोर द्या, कारण सराव म्हणून परीक्षेतलाच प्रश्न सोडवून घेतला की तो पुन्हा पाठांतराच्या ढिगात जातो.

## ८. भाषणानंतर

प्रश्न जमा होतील, तेव्हा ते तुम्ही तपासू नका. शेजारच्या तुकडीच्या शिक्षकांनी वही उघडून दोन प्रश्नांची कसोटी लावायची, आणि 'वहीत आहे' किंवा 'वहीत नाही' एवढंच लिहून परत द्यायचं. वरिष्ठांनी नाकारलेला प्रश्न अपमान वाटतो. शेजाऱ्याने परत केला तर तो गप्पांचा विषय होतो.

चाचणी झाल्यावर त्या प्रश्नाचे गुण वेगळे काढा. जवळजवळ सगळ्यांना पूर्ण गुण असतील, तर बहुधा वर्गात आधी सांगितला गेला आहे. रागावण्याआधी वही बघा, कधीकधी प्रश्नच सोपा असतो. जवळजवळ सगळ्यांना शून्य असेल, तर दहा उत्तरं वाचा. मुलं भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतील तर भाषा चुकली. प्रश्न कळूनही अडली असतील तर तो भाग पुन्हा शिकवायचा आहे. गुण पसरलेले असतील आणि एरवी मधल्या रांगेत असणारी दोन-चार मुलं इथे वर आली असतील, तर प्रश्न जमला आहे.

जमलेले प्रश्न एका फाईलमध्ये ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण प्रत्येकावर वापरल्याची तारीख लिहा. माझा ताटलीचा प्रश्न दुसऱ्याच वर्षी एका गाईडवजा झेरॉक्समध्ये उत्तरासकट फिरत होता, आणि त्या वर्षीच्या मुलांनी 'जवळपास ५०' धडाधड लिहिलं. आता तिथे झाकणाऐवजी ओल्या फडक्याने वेढलेली ताटली आहे, आणि तिचा गुणदानाचा कागद अजून दोन तुकड्यांत जुळत नाही.